तळटीप : ‘इतिहासप्रसिद्ध उंबरखिंड’

खालापूर तालुक्यातील याच खिंडीत फेब्रुवारी १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडीत पकडले. ‘इतिहासात प्रसिद्ध’ यातला प्रत्यय लोपला की ‘इतिहासप्रसिद्ध’ हा एकच सामासिक शब्द होतो. तो नामाआधी येवो किंवा ‘खिंड इतिहासप्रसिद्ध आहे’ असा नंतर, जोडूनच लिहायचा. प्रत्यय राहिला, तर मात्र शब्द दोन.

इंग्रजीत ‘वेल-नोन ऑथर’मध्ये संयोगचिन्ह येते; ‘ऑथर इज वेल नोन’मध्ये ते बहुधा गळते.

मराठीत हे चिन्ह शोभते ते ‘कर्जत-खालापूर परिसर’ अशा द्वंद्वात, कारण तिथे दोन्ही पदे तोलामोलाची असतात. ‘इतिहास प्रसिद्ध’ असे तोडले, तर ‘इतिहास’ वाक्यात नुसताच लोंबकळतो. म्हणून या आवृत्तीत अशी विशेषणे सर्वत्र जोडून छापली आहेत.