पंचिंग प्रेसचे फ्लायव्हील

यांत्रिक पंचिंग प्रेसच्या चालक दंडावर बसवलेले जड चाक. मोटरकडून सतत मिळणारी ऊर्जा ते फिरत फिरत साठवते आणि पंच पत्र्यात घुसतो त्या क्षणी ती सोडते. ऊर्जा सोडताना त्याचा वेग उतरतो. हा उतार म्हणजे बिघाड नव्हे. वेग कमी झाल्याशिवाय चाकातली ऊर्जा बाहेर येतच नाही. प्रश्न असतो तो वेग किती उतरू द्यायचा आणि पुढच्या ठोक्याआधी तो भरून निघतो का, एवढाच.

एका ठोक्याचा हिशेब. 10 मिमी जाडीच्या सौम्य पोलादी पट्टीत 25 मिमी व्यासाचे भोक पाडायचे आहे. कापला जाणारा पृष्ठभाग म्हणजे भोकाचा परीघ गुणिले जाडी, सुमारे 785 चौ. मिमी. पोलादाची कर्तनशक्ती दर चौ. मिमीला 350 न्यूटन धरली, तर पंचावर जास्तीत जास्त 275 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 28 टन बल लागते. हे बल शून्यापासून चढते आणि धातू तुटताच ओसरते. म्हणून सरासरी बल निम्मे धरण्याची पद्धत आहे. निम्मे बल गुणिले 10 मिमी केले की कार्य 1,375 ज्यूल येते. प्रेसची कार्यक्षमता 85 टक्के धरल्यास घर्षणासह एका ठोक्याला सुमारे 1,620 ज्यूल खर्च होतात.

प्रेस मिनिटाला 30 ठोके मारते, म्हणजे एका ठोक्याला 2 सेकंद मिळतात. पण पंच प्रत्यक्ष कापत असतो तो त्यातला थोडाच वेळ. रॅमची चाल 100 मिमी असेल, तर शेवटच्या 10 मिमीसाठी क्रँक सुमारे 37 अंशच फिरतो; म्हणजे फेरीचा एक दशांश, 0.2 सेकंद. फ्लायव्हील नसते तर या 0.2 सेकंदासाठी 8 किलोवॅटहून अधिक शक्ती लागली असती आणि उरलेले 1.8 सेकंद मोटर जवळजवळ रिकामी फिरली असती. फ्लायव्हील असल्यामुळे 1,620 ज्यूल पूर्ण 2 सेकंदांत विभागले जातात. गरज 810 वॅटवर येते आणि 1.1 किलोवॅटची मोटर पुरते.

ताळेबंद असा जमतो: कापण्याच्या 0.2 सेकंदांत मोटर 160 ज्यूल देते, उरलेले 1,460 ज्यूल फ्लायव्हील देते. पुढच्या 1.8 सेकंदांत मोटर तेवढेच 1,460 ज्यूल चाकाला परत करते.

चाकाचे वजन. चाकातली ऊर्जा E = ½Iω² या सूत्राने मिळते. ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे वेग 10 टक्क्यांनी उतरला की 19 टक्के ऊर्जा बाहेर येते. मिनिटाला 300 फेऱ्यांवरून 270 पर्यंतचा उतार चालणार असेल, तर 1,460 ज्यूलसाठी जडत्व सुमारे 15.6 किग्रॅ-मी² हवे. धावेची सरासरी त्रिज्या 40 सेंमी असल्यास धावेचे वजन 97 किलोच्या आसपास येते. पूर्ण वेगात या चाकात 7,690 ज्यूल असतात.

वेग उतरू देण्यासाठी मोटरही तशी लागते. साध्या प्रेरण मोटरचा वेग भाराखाली फार कमी होत नाही; चाकाचा वेग पडू लागला की ती स्वतःच भार ओढू पाहते, प्रवाह वाढतो आणि मोटर तापते. म्हणून प्रेससाठी जास्त घसर असलेली मोटर वापरतात. ती चाकाबरोबर मंदावते आणि काम चाकाला करू देते.

टनेज आणि ऊर्जा. या दोन मर्यादा वेगळ्या आहेत. याच प्रेसवर 16 मिमी पट्टी घेतली, तर बल 440 किलोन्यूटन, म्हणजे 45 टन होते. प्रेस 50 टनी असली तर काम झेपेल असे वाटते. पण ऊर्जा जाडीच्या वर्गाने वाढते आणि एका ठोक्याला घर्षणासह 4,140 ज्यूल लागतात. पहिल्याच ठोक्यात चाक 300 वरून सुमारे 208 फेऱ्यांवर येते. दोन सेकंदांत मोटर फक्त 1,620 ज्यूल भरते, म्हणून दुसरा ठोका अर्धवट भरलेल्या चाकावर पडतो आणि हिशेबाने तिसऱ्या ठोक्यात पंच पट्टीतच अडकतो. मंदावलेली मोटर पूर्ण शक्ती देऊ शकत नसल्याने प्रत्यक्षात हे आणखी लवकरही घडते. पंचाच्या तोंडाला उतार दिल्यास बल घटते, पण लागणारी ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे हा उपाय येथे उपयोगी पडत नाही.

दोष आधीच ओळखता येतो. प्रत्येक ठोक्यागणिक यंत्राचा आवाज अधिक खाली जातो, पट्टे घसरून तापतात आणि अँपिअरमीटरचा काटा दोन ठोक्यांमध्ये खाली येत नाही. अशा वेळी एकेक ठोका मारून प्रत्येकानंतर चाकाला पुन्हा वेग घेण्याची उसंत द्यावी; वरच्या उदाहरणात ती किमान 5 सेकंद लागते.