पोस्टवर ‘खोटी माहिती’चं लेबल आलं? दाद कुठे आणि कशी मागायची

मुंबईत जोरदार पाऊस पडला की हिंदमाताचा एखादा जुना व्हिडिओ नव्याने फिरायला लागतोच. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात परळ-दादर पाण्याखाली गेलं होतं. त्या दिवसाच्या क्लिप्स आजही ‘आत्ताची परिस्थिती’ म्हणून शेअर होतात. अशी क्लिप फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर टाकली, की काही तासांनी तिच्यावर करडा पडदा येऊ शकतो. खाली लिहिलेलं असतं की स्वतंत्र फॅक्ट-चेकर्सनी ही माहिती तपासली आहे, आणि बाजूला ‘See why’ हे बटण असतं.

बहुतेक जण इथे दोन गोष्टी करतात. एक तर पोस्ट डिलीट करतात, नाहीतर फेसबुकला ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’मधून रागाचा मेसेज पाठवतात. दोन्हीचा फारसा उपयोग नाही. का, ते समजायला लेबल कोण लावतं हे आधी बघू.

भारतात मेटा स्वतः खरं-खोटं ठरवत नाही. ते काम बाहेरच्या संस्थांकडे आहे. मुंबईची बूम ही संस्था २०१८ पासून, म्हणजे कर्नाटक निवडणुकीच्या वेळच्या पहिल्या प्रयोगापासून, यात आहे. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांची तर मराठी पानंही आहेत. (मेटाने जानेवारी २०२५ मध्ये ही पद्धत बंद करण्याची घोषणा केली ती अमेरिकेपुरती होती.) संस्थेचा माणूस पोस्ट तपासतो, त्यावर लेख लिहितो आणि रेटिंग देतो. ‘False’ आणि ‘Altered’ ही सगळ्यात कडक रेटिंग्ज, ‘Partly false’ त्याखाली आणि ‘Missing context’ सगळ्यात सौम्य. जितकं रेटिंग कडक तितकी पोस्ट कमी लोकांना दिसते. तोच प्रकार वारंवार झाला तर पूर्ण पेजचा रीच कमी होतो, जाहिराती आणि कमाईही बंद होऊ शकते.

यातला पुढचा भाग मशीनचा आहे आणि खरी भानगड तिथेच होते. एका क्लिपला रेटिंग मिळालं की मेटाची सिस्टीम तिच्यासारख्या दिसणाऱ्या बाकीच्या कॉपी शोधते आणि त्यांनाही तेच लेबल चिकटवते. त्यामुळे तुमची पोस्ट एकाही माणसाने उघडून पाहिलेली नसताना तिच्यावर लेबल येऊ शकतं.

समजा, लालबागची काही मुलं एक पेज चालवतात. जुलैत सकाळी त्यांनी हिंदमाताच्या पाण्याचा स्वतः काढलेला व्हिडिओ टाकला आणि दुपारी ‘Missing context’ आलं. पहिली पायरी म्हणजे ‘See why’ दाबून लेख पूर्ण वाचायचा. त्यात नेमका कोणता व्हिडिओ तपासलाय? लेखातल्या स्क्रीनशॉटमधली फ्रेम आपल्या व्हिडिओत आहे का? इथे तीन शक्यता निघतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे.

एक, क्लिप खरंच २०१७ ची आहे, ग्रुपवरून आली होती. मग दाद मागण्यासारखं काही नाही, दुरुस्ती करायची. कॅप्शन बदलून त्यातच स्पष्ट लिहायचं: ‘दुरुस्ती: हा व्हिडिओ २०१७ चा आहे, आधी चुकून आजचा म्हटलं होतं.’ गुपचूप कॅप्शन बदललं तर ती दुरुस्ती धरत नाहीत, ती केल्याचं दिसलं पाहिजे. पोस्ट डिलीट केली तरी पेजच्या नावावरचा स्ट्राइक राहतो.

दोन, क्लिप जुनीच आहे, पण तुम्ही सुरुवातीपासून ‘ही जुनी आहे, फॉरवर्ड करू नका’ असंच लिहिलंय. मशीनने चित्र जुळवलं, मजकुराचा अर्थ धरला नाही. ही दाद सोपी, कारण फॅक्ट-चेकर आणि तुम्ही एकच गोष्ट सांगताय.

तीन, व्हिडिओ आजचाच आणि तुमचाच आहे. इथे पुरावा लागतो. फोनमधली मूळ फाइल जपून ठेवा, कारण तिच्यात वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली कॉपी दाबून लहान होते आणि या नोंदी निघून जातात, म्हणून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण फाइलमधली तारीख बदलता येते हे फॅक्ट-चेकरलाही माहीत असतं, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. दृश्यात काय दिसतंय ते दाखवा. उदाहरणार्थ, स्टेशनच्या पाटीवर ‘प्रभादेवी’ असेल तर क्लिप जुलै २०१८ च्या नंतरची, कारण त्याआधी तिथे ‘एल्फिन्स्टन रोड’ होतं. एल्फिन्स्टन पुलावरून गाड्या जाताना दिसत असतील तर ती सप्टेंबर २०२५ च्या आधीची, कारण तेव्हा पूल पाडण्यासाठी बंद झाला. दुकानाची नवी पाटी, त्या आठवड्यातला बॅनर, असं काहीही चालतं.

हे सगळं मेटाला नाही, लेख लिहिणाऱ्या संस्थेला पाठवायचं. त्यांच्या वेबसाइटवर दुरुस्ती किंवा तक्रारीसाठी ईमेल किंवा फॉर्म असतो. मेल छोटा ठेवा:

```
विषय: रेटिंगबद्दल हरकत
माझी पोस्ट: (लिंक)
तुमचा लेख: (लिंक)
रेटिंग: Missing context
हरकत: लेखातला व्हिडिओ २०१७ चा आहे. माझा आजचा आहे.
पुरावा: मूळ फाइल, ०:१४ ला दिसणारी पाटी
```

‘तुम्ही अमुक पक्षाचे’ वगैरे लिहू नका, ते वाचणाऱ्याला त्याचं काहीच करता येत नाही. साधी दुरुस्ती एका कामाच्या दिवसात आणि गुंतागुंतीची हरकत काही दिवसांत बघावी अशी मेटाची अपेक्षा आहे, सक्ती नाही. मान्य झालं तर लेबल आणि स्ट्राइक दोन्ही जातात, रीच पूर्ववत व्हायला आणखी काही दिवस लागतात. पावसाच्या व्हिडिओचा तोपर्यंत काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे.

नाही म्हणाले तर? मग अवघड आहे. २०२१ मध्ये बीएमजे या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या शोधलेखावर लीड स्टोरीज या संस्थेच्या तपासणीमुळे ‘Missing context’ लागलं. संपादकांनी झुकरबर्गना खुलं पत्र लिहिलं, तरी संस्था आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. निर्णय घेणारे आणि हरकत ऐकणारे तेच, ही या पद्धतीची मोठी त्रुटी आहे असं मला वाटतं.

एक्सवर प्रकार वेगळा आहे. तिथे पोस्टखालची ‘कम्युनिटी नोट’ सामान्य युजर्स लिहितात आणि एरवी एकमेकांशी न पटणाऱ्यांनी तिला उपयुक्त म्हटलं तरच ती दिसते. पोस्ट तुमची असेल तर नोटवरच्या मेनूत ‘Request additional review’ मिळतं. त्याने आणखी लोक ती नोट तपासतात आणि मतं फिरली तर ती उतरते.

सरकारी शिक्क्याची गोष्ट निराळी. पीआयबी फॅक्ट चेकचा लाल ‘FAKE’ शिक्का त्यांनी स्वतःच्या हँडलवर टाकलेल्या फोटोवर असतो, तुमच्या पोस्टवर आपोआप लेबल येत नाही. केंद्र सरकारबद्दलच्या मजकुराला सरकारी युनिटने खोटं ठरवलं तर प्लॅटफॉर्मचं कायदेशीर संरक्षण धोक्यात येईल, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये आला होता. त्याला कॉमेडियन कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला आणि तो रद्द झाला. शिक्क्यानंतर प्लॅटफॉर्मने तुमची पोस्टच काढली, तर आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, आणि उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत gac.gov.in वर अपील करता येतं.