न वळण्याचा व्यायाम

अमेरिकी लष्करात १९८० पासून जवानाच्या पोटाची परीक्षा एकाच पद्धतीने व्हायची. सोबत्याने पाय धरायचे, घड्याळ लावायचं आणि दोन मिनिटांत जितके होतील तितके सिटअप्स मारायचे. २०२२ मध्ये ही चाचणी पूर्णपणे मागे पडली आणि नवी आली. तिच्यात एकही सिटअप नव्हता. कोपर आणि पायाची बोटं टेकवून शरीर फळीसारखं सरळ धरायचं, शिवाय दोन्ही हातांत चाळीस-चाळीस पौंडांच्या म्हणजे सुमारे १८-१८ किलोंच्या केटलबेल घेऊन पन्नास मीटर पळायचं, हे त्यातले दोन भाग. आधी पोट किती वेळा वाकतं ते मोजत असत. आता ते किती वेळ वाकू देत नाही, हे मोजलं जाऊ लागलं.

हा उलटा विचार बराचसा घडला तो कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात. तिथे स्टुअर्ट मॅकगिल हे प्राध्यापक पाठीच्या कण्याचं यांत्रिक गणित मांडत होते. जॅक कॅलाहन यांच्यासह त्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डुकराच्या मानेचे मणके यंत्रात बसवले, वरून बेताचा दाब दिला आणि पुढे-मागे हजारो वेळा वाकवले. ओझं फार नसतानाही मणक्यांमधल्या गादीचं बाहेरचं आवरण हळूहळू भेगाळत गेलं आणि आतला मऊ गर बाहेर सरकला. आपल्याकडे ज्याला ‘गादी सरकली’ म्हणतात, तेच.

या प्रयोगाची मर्यादाही इथेच सांगायला हवी. यंत्रातला मणका मेलेला असतो. जिवंत शरीर रात्री झीज भरून काढतं आणि सवयीने घट्टही होतं. त्यामुळे क्रंचेस मारणाऱ्या प्रत्येकाची पाठ बिघडतेच, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण रोज शंभर क्रंचेस मारण्याने पोटाला त्याचं मुख्य काम शिकवलं जातं का, हा प्रश्न मात्र तेव्हापासून पक्का झाला.

त्याआधीचा एक वळसा ऑस्ट्रेलियातून जातो. क्वीन्सलँड विद्यापीठातले पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की निरोगी माणूस नुसता हात उचलतो तेव्हाही पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू हात हलण्याआधी आवळला जातो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. शोध मोलाचा होता. व्यायामशाळेत पोहोचेपर्यंत मात्र त्याचा अर्थ ‘बेंबी पाठीला चिकटवा’ एवढाच उरला, आणि लोक पोट आत ओढून वजनं उचलू लागले.

मॅकगिल यांचा आक्षेप नेमका यावर होता. मांडवाचा खांब उभा राहतो तो चारी बाजूंनी ताणलेल्या दोरांमुळे. दोर जितक्या रुंदीवर बांधावेत तितका खांब घट्ट. खांबाजवळ ओढून बांधले तर डुगडुगतो. पोट आत ओढणं म्हणजे दोर खांबाजवळ आणणं. त्याऐवजी पोटावर कुणी बुक्का मारणार आहे असं समजून सगळीकडून कडक करायचं, आत नाही आणि बाहेरही नाही. यालाच ब्रेसिंग म्हणतात. २००७ मध्ये सिल्व्हेन ग्रेनिए आणि मॅकगिल यांनी दोन्ही पद्धती तपासल्या, तेव्हा ब्रेसिंगमध्ये कंबर अधिक स्थिर आढळली.

ते जमलं की नाही, हे बोटांनी कळतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या मऊ जागेत दोन्ही बाजूंनी बोटं रुतवावीत. पोट कडक केल्यावर बोटं बाजूला ढकलली गेली पाहिजेत. मग तसंच धरून श्वास घ्यावा आणि एक वाक्य मोठ्याने बोलावं. बोलताना घट्टपणा सुटला किंवा शब्दच फुटले नाहीत, तर माणूस श्वास कोंडून बसलेला असतो. सगळा जोर लावायची गरज नसते. बादली उचलायला थोडासा ताण पुरतो, जड वजनाला जास्त.

अमेरिकेतले फिजिओथेरपिस्ट जॉन पॅलॉफ यांच्या नावाचा व्यायाम याचीच पुढची पायरी. रबरी बँड छातीच्या उंचीवर खिडकीच्या गजाला बांधायचा, त्याला काटकोनात उभं राहायचं, दोन्ही हातांनी टोक छातीशी धरायचं आणि हात सरळ समोर न्यायचे. बँड बाजूला ओढतो, कंबर वळू पाहते. तिला वळू द्यायचं नाही, एवढंच. हात छातीपासून दहा सेंटीमीटरवर असताना जो पीळ पडतो, तो साठ सेंटीमीटरवर कितीतरी वाढतो. म्हणून बँड हलकाच घ्यावा. हात सरळ करताना बेंबी गजाकडे फिरली किंवा खांदा कानाजवळ चढला, तर बँड जड झाला असं समजावं.

ओझं घेऊन चालण्याला शोधक नाही. एका हातात भरलेली बादली घेऊन विहिरीवरून घरी येणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी ते केलेलं आहे. मात्र २००९ मध्ये मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी ताकदवानांच्या स्पर्धांतले प्रकार मोजले, तेव्हा अशा चालण्यात कमरेच्या बाजूचे स्नायू काय करतात हे दिसलं. पाऊल उचलताक्षणी शरीर एका पायावर येतं आणि कमरेची दुसरी बाजू खाली झुकू पाहते. हे स्नायू तिला वर धरतात, आणि ते काम एकट्या नितंबाच्या ताकदीवर भागत नाही. ओझं एकाच हातात असेल तर धड त्या बाजूला कलू न देण्याचं कामही त्यांच्यावर येतं. हेच काम क्रंचेस कधी मागत नाहीत.

समजा, सत्तर किलो वजनाचा आणि दिवसभर खुर्चीत बसणारा एक माणूस हे सुरू करतो. सोमवारी तो मॅकगिल यांचे तीन व्यायाम घेतो. पहिल्यात पाठीवर निजून एक गुडघा वाकवायचा, हात कमरेच्या पोकळीखाली ठेवायचे आणि फक्त डोकं-खांदे जरासे उचलायचे. दुसऱ्यात एका कोपरावर आडवं तोलायचं. तिसऱ्यात हातगुडघ्यांवर राहून विरुद्ध बाजूंचा हात-पाय लांबवायचा. प्रत्येक धरणं दहा सेकंदांचं, आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. दमल्यावर बिघडलेली ढब गिरवायची नाही, म्हणून ही उतरती भाजणी. हे उठल्याउठल्या करू नये. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते, तासभर चालू-फिरू द्यावं.

बुधवारी पॅलॉफ प्रेस: प्रत्येक बाजूला आठ वेळा, हात लांब असताना दोन सेकंद थांबून, असे तीन फेरे. शनिवारी चालणं: उजव्या हातात बारा किलोंची केटलबेल, पंचवीस मीटर, मग हात बदलून तेवढंच, असं तीनदा. कुणीतरी मागून पाहावं, किंवा फोन मागे ठेवून चित्रण करावं. दोन्ही खांदे सारख्या उंचीवर दिसले आणि वजन मांडीवर आदळलं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात सोळा किलो. धड रिकाम्या हाताकडे झुकत असेल तर पुन्हा बारा. आणि कळ नितंबातून पायात उतरत असेल किंवा पाऊल बधिर वाटत असेल, तर केटलबेल खाली ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावं.