वगळलेल्या कामाची निर्णयनोंद

सॉफ्टवेअर प्रकल्पातील एखादे काम न करण्याचे ठरल्यावर त्यामागचे कारण ट्रॅकरमधील त्याच तिकिटावर लिहून ठेवण्याची पद्धत. जिरामध्ये असे काम `Won't Do`, तर बगझिलामध्ये `WONTFIX` असा शेरा मारून बंद करतात. शेऱ्यावरून निकाल कळतो, कारण कळत नाही.

अहमदनगर जिल्ह्याचे नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, तेव्हा जिल्ह्याचे नाव छापणाऱ्या प्रणालींपुढे जुन्या नोंदींतले नाव बदलायचे का, हा प्रश्न आला. उदाहरणादाखल एका दूध संघाची हिशेबप्रणाली घेऊ. ‘जुन्या पावत्यांवरही नवे नाव आणावे’ असे तिकीट येते. चर्चेअंती ते बंद होते, कारण सभासदाच्या हाती असलेली २०२३ ची पावती आणि तिची संगणकातून काढलेली दुसरी प्रत तंतोतंत जुळली पाहिजे. त्याऐवजी पावतीच्या तारखेप्रमाणे नाव छापायचे ठरते. टँकरच्या क्रमांकांना हात लावायचा प्रश्नच नसतो. नाव बदलले तरी जिल्ह्यातल्या गाड्या एमएच-१६ आणि एमएच-१७ च राहिल्या.

तिकिटावर फक्त ‘नको’ एवढेच राहिले, तर दोन वर्षांनी आलेल्या चमूला प्रोग्राममध्ये ‘अहमदनगर’ दिसते, ती चूक वाटते आणि कोणीतरी ती भल्या हेतूने दुरुस्त करतो. गोंधळ उघड होतो तो थेट लेखापरीक्षणात. म्हणून नोंद साधारण अशी असावी:

```
निर्णय: जुन्या पावत्यांवरील नाव बदलायचे नाही.
कारण: दुसरी प्रत मूळ पावतीशी जुळली पाहिजे.
पर्याय: नाव पावतीच्या तारखेवरून ठरेल.
फेरविचार: लेखापरीक्षकांनी लेखी मागणी केल्यास.
```

यातली शेवटची ओळ सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि खरे तर तीच सर्वांत उपयोगी. परिस्थिती बदलली की निर्णय पुन्हा उघडावा की नाही, हे तिच्यावरून ठरते. ‘वेळ नाही’ एवढेच कारण लिहिलेले असेल, तर तो निर्णय नसून पुढे ढकललेले काम समजावे. कारण हरवल्याची खूण म्हणजे तीच मागणी नव्या क्रमांकाने पुन्हा येते आणि तीच चर्चा पहिल्यापासून होते. बैठकीत किंवा व्हॉट्सॲपवर ठरलेल्या गोष्टींचे बहुधा असेच होते.

मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये प्रणालीच्या रचनेविषयीच्या निर्णयांसाठी छोट्या, क्रमांकित टिपणांची पद्धत मांडली. तिच्यात निर्णय फिरला तरी जुने टिपण पुसत नाहीत. त्याची जागा कोणत्या नव्या टिपणाने घेतली, एवढे त्यावर लिहितात. ही टिपणे प्रोग्रामच्याच भांडारात राहतात. ट्रॅकरमधल्या नोंदीची मर्यादा इथेच दिसते: संस्थेने रेडमाइन सोडून जिरा घेतले की तिकिटांचे क्रमांक बदलतात आणि प्रोग्राममध्ये लिहिलेले जुने क्रमांक कुठेच पोहोचत नाहीत. त्यामुळे ट्रॅकर बदलण्यापूर्वी बंद तिकिटेही चर्चेसकट उतरवून घ्यावी लागतात.