खताचे दर वाढल्याचा मेसेज आला, तर आधी पोत्यावरची छपाई बघा. २०२१ च्या डीएपी दरवाढीतून काय कळले

वडीगोद्री (ता. अंबड) : खरीप जवळ आला की कृषी सेवा केंद्रांकडून ग्राहकांच्या मोबाईलवर दरपत्रक येऊ लागते. खताचे नाव, जुना दर, नवीन दर आणि लागू तारीख, एवढाच मजकूर असतो. वडीगोद्री परिसरात कापूस, ऊस आणि मोसंबी ही पिके आहेत. त्यामुळे डीएपी आणि १०:२६:२६ चा दर वाढला की खर्चाचे गणित लगेच बिघडते. पण दरपत्रकातली तारीख नेमकी कशाला लागू होते, हा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. एप्रिल २०२१ मध्ये देशभर गाजलेल्या दरवाढीत हाच घोळ झाला होता.

तेव्हाचे दरपत्रक

एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यात इफको या सहकारी खत संस्थेचे एक पत्र व्हॉट्सॲपवर फिरू लागले. त्यात ५० किलोच्या पोत्याचे दर असे होते :

| खत | जुना दर (रु.) | नवीन दर (रु.) | लागू तारीख |
|---|---|---|---|
| डीएपी (१८:४६) | १,२०० | १,९०० | १ एप्रिल २०२१ |
| १०:२६:२६ | १,१७५ | १,७७५ | १ एप्रिल २०२१ |
| १२:३२:१६ | १,१८५ | १,८०० | १ एप्रिल २०२१ |
| २०:२०:०:१३ | ९२५ | १,३५० | १ एप्रिल २०२१ |

हा तक्ता पाहिल्यावर कुणालाही वाटेल की १ एप्रिलनंतर दुकानात गेले की डीएपीचे १,९०० रुपयेच मोजावे लागणार. प्रत्यक्षात तसे नव्हते. इफकोने लगेच खुलासा केला. पत्रातले दर तात्पुरते आहेत, पोत्यावर किंमत छापणे बंधनकारक असल्याने ते कळवावे लागले, आणि जुन्या दराचा ११.२६ लाख टन माल शिल्लक असून तो जुन्याच दराने विकला जाईल, असे संस्थेने सांगितले. केंद्र सरकारनेही कंपन्यांना जुना साठा जुन्या दराने विकायला सांगितले.

म्हणजे त्या तक्त्यातली तारीख नव्याने छापलेल्या पोत्यांची होती, शेतकऱ्याच्या खरेदीच्या दिवसाची नव्हती. १० एप्रिलला दुकानातून घेतलेल्या पोत्यावर १,२०० छापलेले असेल, तर त्याचे १,२०० च द्यायचे. मेसेज दाखवून कुणी जुन्या पोत्याचे १,९०० मागितले, तर ती छापील किमतीपेक्षा जादा वसुली ठरते. समजा एखाद्याने कापसासाठी चार पोती घेतली, तर एका पोत्यामागे ७०० प्रमाणे २,८०० रुपये नाहक गेले.

दर ७०० नेच का वाढला, आणि परत १,२०० वर कसा आला

युरियाचा दर सरकार ठरवते. ४५ किलोच्या पोत्याचा दर २६६ रुपये ५० पैसे आहे, तो कंपनीच्या मेसेजने बदलत नाही. डीएपी आणि मिश्र खतांचे तसे नाही. १ एप्रिल २०१० पासून त्यांच्यासाठी अन्नद्रव्य आधारित अनुदान योजना लागू आहे. पोत्यात नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक किती किलो आहे, त्यावर सरकार कंपनीला अनुदान देते आणि कमाल किंमत कंपनी ठरवते. म्हणूनच दोन कंपन्यांच्या डीएपीचा दर वेगळा असू शकतो, आणि एका कंपनीचे दरपत्रक दुसऱ्या कंपनीच्या पोत्याला लावता येत नाही.

२०२१ मध्ये परदेशात फॉस्फोरिक ॲसिड आणि अमोनिया महागले, पण अनुदान तेवढेच राहिले. त्यामुळे सगळा बोजा पोत्याच्या किमतीवर आला. १९ मे २०२१ रोजी केंद्राने डीएपीचे अनुदान पोत्यामागे ५०० वरून १,२०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. स्फुरदाचे अनुदान किलोमागे १४.८८८ रुपयांवरून ४५.३२३ रुपये झाले आणि ते २० मे पासून लागू झाले.

याचा हिशेब घरी करून बघता येतो. डीएपीत ४६ टक्के स्फुरद, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात २३ किलो. किलोमागे अनुदान ३०.४३५ रुपयांनी वाढले. २३ ला ३०.४३५ ने गुणले की ७०० रुपये येतात. दर जेवढा वाढला होता, बरोबर तेवढेच अनुदान वाढवले गेले आणि डीएपी पुन्हा १,२०० ला मिळू लागले. ज्यांनी एप्रिल-मे मध्ये घाबरून चढ्या दराने खत भरून ठेवले, त्यांचे मात्र नुकसान झाले.

मेसेज आल्यावर काय तपासायचे

पहिली गोष्ट पोत्यावरची छपाई. कमाल विक्री किंमत सर्व करांसह छापलेली असते, सोबत उत्पादनाचा महिना आणि वर्षही असते. मेसेजमधली तारीख जूनची आणि पोतं मार्चचं असेल, तर पोत्यावरचाच दर चालतो. छपाईवर स्टिकर चिकटवलेला किंवा किंमत खोडलेली दिसली, तर ते पोतं घेऊ नका.

दुसरी गोष्ट दुकानातला भावफलक. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार विक्रेत्याने शिल्लक साठा आणि दर ठळक जागी लावायचा असतो. जुन्या आणि नव्या दराचा माल एकाच वेळी दुकानात असेल, तर कोणत्या दराची किती पोती आहेत हे विचारा. "जुना माल संपला" असे सांगितले गेले, पण गोदामातून जुन्या छपाईचे पोते निघाले, तर गडबड तिथेच कळते.

तिसरी गोष्ट पावती. अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवर अंगठा घेऊन होते, कारण त्या नोंदीवरच कंपनीला अनुदान मिळते. मशीनची पावती आणि दुकानाचे बिल दोन्ही घ्या. बिलावर खताचे नाव, कंपनी, पोत्यांची संख्या आणि दर लिहिलेला हवा. पैसे १,९०० प्रमाणे घेतले आणि बिल १,२०० चे दिले, तर नंतर सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून पैसे देण्याआधी बिल वाचा. डीएपीसोबत नको असलेले दुसरे खत किंवा औषध गळ्यात मारले जात असेल, म्हणजे लिंकिंग होत असेल, तर छापील दर बरोबर असूनही खरा खर्च वाढतो. तो माल नाकारा.

तक्रार तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची. सोबत बिल, पॉसची पावती आणि पोत्यावरच्या छपाईचा फोटो जोडा. पोतं रिकामं झालं तरी पिशवी टाकून देऊ नका, दराचा पुरावा त्यावरच असतो.

मात्र नव्या दराची छपाई असलेले पोते नव्या दराने विकणे हे नियमातच आहे. तिथे दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही. छापील दरापेक्षा कमी घ्यायचे की नाही, ही त्याची मर्जी.