कॅलेंडरिंग
* धातूच्या फॉइलवर लेप देऊन वाळवलेला इलेक्ट्रोड दोन जड रुळांमधून दाबून काढणे. समजा, कॅथोडचा वाळलेला लेप 90 मायक्रॉन जाड आहे आणि त्यातले घन पदार्थ पोकळी न ठेवता रचले तर 45 मायक्रॉन भरतील. म्हणजे सच्छिद्रता 50 टक्के. दाबून जाडी 64 मायक्रॉनवर आणली की सच्छिद्रता सुमारे 30 टक्के उरते. कण एकमेकांना भिडतात, वीजवहन सुधारते आणि तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावते. मात्र फार दाबल्यास इलेक्ट्रोलाइटच्या वाटा अरुंद होतात; बॅटरीतून वेगाने वीज घेताना लिथियमचे आयन लेपाच्या तळापर्यंत वेळेत पोहोचत नाहीत. लेप जाड असेल तर ही अडचण वाढते. घाईने वाळवल्यास बंधक द्रव्य पृष्ठभागाकडे सरकून लेपाची फॉइलवरची पकड सैल होते. हा दोष नुसत्या दाबाने भरून निघत नाही. — संपादक