लहान मुलाचा आवाज महिनोन्‌महिने बसलेला असेल तर

सर्दी-खोकल्यात मुलाचा आवाज बसतो आणि आठ-दहा दिवसांत सुटतो. त्यासाठी कोणी डॉक्टरकडे धावत नाही आणि धावण्याची गरजही नसते. हा लेख आवाज दोन महिने, सहा महिने, कधी वर्षभर घोगराच राहणाऱ्या मुलांविषयी आहे. घरचे म्हणतात, "याचा आवाजच तसा आहे." शेजारी म्हणतात, "फार ओरडतो, दुसरं काय!" बहुतेक वेळा शेजाऱ्यांचे बरोबर असते. पण काही थोड्या मुलांच्या स्वरयंत्रात मशांसारखी वाढ होत असते. नुसता आवाज ऐकून ही दोन कारणे वेगळी करता येत नाहीत, अनुभवी डॉक्टरलाही नाही. त्यासाठी स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहावे लागते.

ओरडण्याने नेमके काय होते?

स्वरयंत्रात दोन नाजूक स्वरपट्ट्या असतात. बोलताना त्या एकमेकींवर आपटून कंप पावतात. लहान मुलाचा आवाज बारीक असतो, म्हणजे या पट्ट्या सेकंदाला साधारण २५० ते ३०० वेळा आपटत असतात. मूल किंचाळले की आपटण्याचा वेग आणि जोर दोन्ही वाढतात. रोज तासन्‌तास असे झाले की, जिथे मार सर्वांत जास्त बसतो तिथे दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर छोटे टणक फुगवटे येतात. कुदळ-फावडे धरून हाताला घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. याला व्होकल नोड्यूल्स म्हणतात. फुगवट्यांमुळे पट्ट्या नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा येतो.

ही मुले ओळखू येतात. बहुधा चार ते दहा वर्षांची, जास्त करून मुलगे, खेळकर आणि बोलकी. सकाळी आवाज बरा असतो, संध्याकाळी खरखरीत होतो. तान्ह्या पोळ्याला दिवसभर लाकडी बैल ओढत ओरडले की दोन दिवस आवाजच निघत नाही, आणि मामाच्या गावी शांत आठवडा गेला की बराच सुधारतो. आवाजात असे चांगले-वाईट दिवस असणे हे महत्त्वाचे लक्षण आहे. श्वासाला मात्र काहीही त्रास नसतो.

दुसऱ्या प्रकारचे मूल

आता दुसरे उदाहरण. हे कोणा एका मुलाचे नाही, अशा रुग्णांमध्ये नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून रचले आहे. घाटंजी तालुक्यातल्या एका गावातला तीन वर्षांचा मुलगा, तरुण आईचे पहिले बाळ, प्रसूती नॉर्मल. दोन वर्षांचा झाल्यावर आवाज घोगरा होऊ लागला. आधी सर्दी समजून औषध दिले. मग तीन-चार वेळा अँटिबायोटिक झाले. आठव्या महिन्यात रात्री श्वासाला आवाज येऊ लागला, म्हणून "बाळदमा आहे" असे सांगून पंप सुरू झाला. पंपाने फरक पडला नाही. दरम्यान आवाज जवळजवळ कुजबुजीएवढा उरला होता आणि या वर्षभरात त्याचा एकही चांगला दिवस नव्हता.

आईच्या मोबाइलमध्ये झोपलेल्या मुलाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होता. त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: आवाज श्वास आत घेताना येत होता. दम्यात शिट्टीसारखा आवाज प्रामुख्याने श्वास सोडताना येतो, कारण अडथळा छातीतल्या बारीक नळ्यांमध्ये असतो. श्वास आत ओढताना घर्रऽ किंवा कूऽ असा आवाज आला तर अडथळा वर, स्वरयंत्राजवळ असण्याची शक्यता मोठी. घोगरा आवाज आणि असा श्वास एकत्र असतील, तर "दम्याच्या औषधाने बघू" म्हणत थांबू नये.

अशा मुलाच्या स्वरयंत्रात दुर्बिणीतून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी किंवा तुतीच्या फळासारखी गुलाबी वाढ दिसते. या आजाराला पॅपिलोमा म्हणतात. तो एचपीव्ही या विषाणूच्या ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतो. बहुतेक वेळा हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून बाळाकडे येतो आणि दोन-चार वर्षांनी वाढ दिसू लागते. इथे आईला दोष देण्यासारखे काहीही नाही. हा विषाणू असंख्य स्त्री-पुरुषांमध्ये नकळत असतो, आणि अशा आयांच्या बाळांपैकीही फारच थोड्यांना हा आजार होतो. मूल शाळेत, अंगणवाडीत जाऊ शकते. ताट-पेला वेगळा ठेवायची गरज नाही.

दुर्बीण कधी आणि कशी?

आवाज चार आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मूल तीन वर्षांहून लहान असेल, आवाज सतत बिघडतच चालला असेल किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर चार आठवडेही थांबू नका. जन्मापासून रडणे क्षीण किंवा घोगरे असेल तर कारण वेगळे असू शकते, जसे स्वरपट्टी न हलणे किंवा दोन पट्ट्यांमध्ये पडदा असणे. अशा बाळाला लगेच दाखवावे. दाणा किंवा खेळण्याचा तुकडा तोंडात असताना ठसका लागला आणि तेव्हापासून आवाज बसला, असे असेल तर ते आठवणीने सांगा.

यवतमाळमध्ये श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. पुढे सेवाग्राम, सावंगी आणि नागपूर इथली मोठी रुग्णालये आहेत. जाण्यापूर्वी "लहान मुलाची नाकातून घशाची दुर्बीण होते का?" एवढे फोनवर विचारून घ्या. वणी किंवा उमरखेडहून आलेल्या माणसाचा दिवस वाया गेला की तो पुन्हा महिनाभर येत नाही, हे आम्ही पाहतो.

ही दुर्बीण म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर जाडीची मऊ, वाकणारी नळी. मूल आईच्या मांडीवर बसते, नाकात थेंब टाकतात आणि नळी नाकातून घशापर्यंत नेतात. एक-दोन मिनिटांचे काम आहे. मूल रडते, पण ते आमच्या उपयोगाचेच असते, कारण रडताना स्वरपट्ट्या हलताना दिसतात. भूल लागत नाही. श्वासाला त्रास असलेल्या मुलाला बाहेर कुठे झोपेचे औषध देऊन तपासू देऊ नका. अरुंद झालेला श्वासमार्ग झोपेत आणखी आवळू शकतो.

मूल अजिबात पाहू देत नसेल किंवा वाढ दिसली असेल, तर ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन तोंडातून सरळ दुर्बीण घालावी लागते. यासाठी लहान मुलांच्या श्वासमार्गाचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ हवा, म्हणून अनेकदा मोठ्या केंद्रात पाठवले जाते. आधी साधारण सहा तास जेवण, बिस्किट बंद असते. दूध आणि पाण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील. आजीने मायेने दिलेल्या एका बिस्किटामुळे त्या दिवसाची शस्त्रक्रिया पुढे जाते.

गाठी निघाल्या तर

नोड्यूल्स असतील तर शस्त्रक्रिया जवळजवळ कधीच लागत नाही. वयात येताना स्वरयंत्र वाढते आणि बहुतेक मुलांच्या गाठी तोपर्यंत विरतात. स्पीच थेरपिस्ट मुलाला जोर न लावता बोलायला शिकवतात. त्यासाठी काही आठवडे, कधी काही महिने लागतात. "ओरडू नको" असे दिवसातून वीस वेळा ओरडून सांगण्याचा उपयोग नाही! घरातला टीव्हीचा आवाज कमी करा, शेताच्या दुसऱ्या टोकाहून हाका मारण्याऐवजी जवळ येऊन बोलायची सवय लावा, पक्षी-माकडे हाकलायला मुलाच्या हाती डबा वाजवायला द्या. कुजबुजत बोलायला मात्र लावू नका, त्यानेही घशावर ताण येतो. एकदा श्रवणचाचणी करून घ्या, कारण कमी ऐकू येणारे मूल मोठ्याने बोलते. हळद-दूध, ज्येष्ठमध द्यायला हरकत नाही, पण त्याने गाठी जात नाहीत. मुलाला उकळत्या भांड्याची वाफ देऊ नका. भाजलेली मुले आम्ही पाहतो.

पॅपिलोमा निघाला तर

भूल देऊन, तोंडातूनच, सूक्ष्मदर्शकाखाली वाढ काढतात. गळ्यावर बाहेरून चीर नसते. काढलेला तुकडा तपासणीला पाठवतात. आवाज आणि श्वास लगेच सुधारतात, पण इथे एक गोष्ट आधीच समजून घ्यावी लागते. विषाणू शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही असतो, त्यामुळे वाढ पुन्हा येते. कोणाला वर्षातून एकदा, कोणाला काही आठवड्यांनीही शस्त्रक्रिया लागते. पुन्हा वाढ आली म्हणजे पहिल्या डॉक्टरने अर्धवट काम केले, असे नव्हे. उलट "मुळासकट" खरवडण्याच्या नादात स्वरपट्ट्यांना इजा झाली, तर त्या एकमेकींना चिकटतात आणि आवाज कायमचा बिघडतो. म्हणून चांगला सर्जन, विशेषतः दोन्ही पट्ट्या जिथे पुढे जुळतात तिथे, थोडी वाढ मुद्दाम सोडतो. श्वासमार्ग मोकळा ठेवायचा आणि आवाज वाचवायचा, हेच ध्येय असते. बऱ्याच मुलांमध्ये वय वाढेल तसा आजाराचा जोर ओसरतो. फार वारंवार वाढ येत असेल तर बेव्हॅसिझुमॅबसारखी औषधे मोठ्या केंद्रात वापरतात.

उशीर का नको, याचे कारणही इथेच आहे. वाढ फार झाली आणि श्वास कोंडला तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागते. नळीने जीव वाचतो, पण पॅपिलोमा श्वासनळीत खाली पसरण्याची शक्यता वाढते. आधी उल्लेख केलेल्या मुलासारखी मुले आवाज बसल्यानंतर दुसऱ्या महिन्यात आली असती, तर ही भीती फारच कमी राहिली असती.

लगेच १०८

शांत बसलेले असतानाही श्वास आत घेताना आवाज येणे, गळ्याखालचा खळगा किंवा फासळ्यांमधली जागा आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, लाळ गळणे, पाणीही न पिता येणे: यांपैकी काहीही दिसले तर १०८ वर फोन करा. मुलाला आडवे झोपवू नका, चमचा घालून घसा पाहू नका. मांडीवर बसवून शक्य तितके शांत ठेवा.

भेटीला येताना

झोपेतला, शर्ट काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, जमल्यास सहा महिन्यांपूर्वीचा मुलाच्या बोलण्याचा एखादा व्हिडिओ आणि आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या आणा. पंप सुरू असेल तर तोही आणा. मोठी बहीण नऊ वर्षांपुढची असेल तर तिच्या एचपीव्ही लसीविषयी त्याच वेळी विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओळखली जाते, पण ती ६ आणि ११ या प्रकारांपासूनही संरक्षण देते. ऑस्ट्रेलियात २००७ पासून अशी लस मुलींना सरसकट देऊ लागल्यावर पुढच्या दहा वर्षांत मुलांमधला हा आजार अगदी विरळ झाला. ज्याला आजार झाला आहे त्याची वाढ लसीने विरघळत नाही. लसीचा उपयोग उद्या आई होणाऱ्या मुलीच्या बाळाला होतो.